डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना मराठी आडवी येते का?

मृद्गंध

मुलगी नववीत आहे, सेमी-इंग्लिश. गेल्या आठवड्यात वर्गात घटक चाचणी झाली. वाक्य होतं: रवी सेड टू मी, ‘आय विल रिटर्न युवर बुक टुमॉरो.’ याचं इनडायरेक्ट करायचं होतं. तिनं लिहिलं: ‘रवी टोल्ड मी दॅट आय विल रिटर्न युवर बुक टुमॉरो.’ दोनपैकी शून्य.

मला आश्चर्य याचं वाटलं की तिला तक्ता पाठ आहे. विलचं वुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, नाऊचं देन, हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगेल. मग मी तिला म्हटलं, हेच वाक्य मराठीत सांग. ती लगेच म्हणाली, ‘रवी मला म्हणाला की मी उद्या तुझं पुस्तक परत करीन.’ आणि मग वही माझ्यासमोर धरून म्हणाली, ‘आई, मराठीत काहीच बदललं नाही, फक्त मध्ये की आला. मी पण दॅटच घातला की!’

तिच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. तक्ता येतो, पण बदल मुळात करायचा कशासाठी हे तिला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तिला ते सांगता आलं नाही. इथे शिकवणारे बरेच जण आहेत. तुम्ही मुलांना हे ‘का’ कसं सांगता?

चहाबिस्किट

सोपं आहे. एस-ओ-एन लक्षात ठेवा. फर्स्ट पर्सन सब्जेक्टप्रमाणे, सेकंड पर्सन ऑब्जेक्टप्रमाणे, थर्ड पर्सनला हात लावायचा नाही. बँकेच्या परीक्षांची तयारी याच्यावरच केली आणि एकही वाक्य चुकलं नाही. रोज दहा वाक्यं सोडवायला लावा, महिन्याभरात हात बसेल. ‘का’ विचारत बसलं की पेपर राहून जातो.

कोकणकडा

मुलगी बरोबर आहे. मराठीत इनडायरेक्ट स्पीच नावाची गोष्टच नाही. आपला ‘की’ म्हणजे अवतरणचिन्ह. त्याच्यापुढे माणूस जे बोलला ते जसंच्या तसं ठेवायचं. शाळेत पाठ्यपुस्तकं इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात मराठी बसवायला बघतात, म्हणून हा घोळ होतो. जे मराठीत नाहीच ते मुलांना तक्ता देऊन येणार कसं?

नाशिककर

माझ्या लहानपणीची गोष्ट. आत्याचा फोन आला, वडील अंघोळीला गेले होते. मी सात वर्षांचा. त्यांनी आतून ओरडून सांगितलं ते मी फोनवर सांगितलं: ‘आत्या, बाबा म्हणाले मी संध्याकाळी येतो.’ आत्या काळजीनं म्हणाली, ‘अरे, तू एकटा कसा येशील? रस्ता ओलांडावा लागतो!’ घरात अजून हे सांगून हसतात. म्हणजे ‘जसंच्या तसं’ ठेवलं की मराठीतही अडतं बरं का.

वहीपेन

मी 31 वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मृद्गंध, तुमच्या मुलीनं जो प्रश्न विचारला तो वर्गात दर वर्षी एखादं तरी मूल विचारायचं, आणि पहिली दहा वर्षं मीही त्याला तक्ताच दाखवत होते.

नंतर मी तक्ता शेवटी द्यायला लागले. आधी एकच गोष्ट सांगायची: मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. ‘रवी म्हणाला की’ म्हटलं, की पुढच्या वाक्यापुरते आपण रवी होतो. रवीचा ‘मी’, रवीचा ‘उद्या’, रवीचा ‘करीन’. इंग्रजी माणूस आपली जागा सोडत नाही. तो स्वतःच्याच जागेवर उभा राहून, स्वतःच्याच घड्याळात बघून सांगतो. बस, एवढाच फरक. बाकी सगळा तक्ता त्यातून निघतो.

आता तुमचंच वाक्य घ्या. सांगणारी तुमची मुलगी. रवीनं ‘आय’ म्हटलं, पण मुलीच्या जागेवरून तो रवी ‘तो’ आहे, म्हणून ‘ही’. रवीनं ‘युवर’ म्हटलं ते पुस्तक मुलीचंच, म्हणून ‘माय’. रवीचं ‘विल’ हे त्याच्या त्या क्षणापासूनचं पुढचं होतं, पण तो क्षण आता मुलीसाठी मागे गेला, म्हणून ‘वुड’. आणि रवीचा ‘टुमॉरो’ हा त्याच्या त्या दिवसानंतरचा दिवस, म्हणून ‘द नेक्स्ट डे’. झालं: ‘रवी टोल्ड मी दॅट ही वुड रिटर्न माय बुक द नेक्स्ट डे.’ ‘सेड टू मी’चं ‘टोल्ड मी’ होतं, तेवढं वेगळं लक्षात ठेवायचं.

मग वर्गात मी सांगणारा बदलायची. तेच बोलणं रवी स्वतः सांगतोय असं समजा. तेव्हा तो म्हणेल, ‘आय टोल्ड हर दॅट आय वुड रिटर्न हर बुक.’ ‘आय’ बदललाच नाही! आणि मुलगी हेच रवीला तोंडावर सांगत असेल तर: ‘यू टोल्ड मी दॅट यू वुड रिटर्न माय बुक.’ मूळ बोलणं एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा बदलला की सर्वनामं बदलतात. हे एकदा करून बघितलं की पोरांना पटतं की तक्त्यात ‘आयचं ही’ असं लिहिलेलं कायमचं नसतं.

चहाबिस्किट

@वहीपेन, पण तुमची तिन्ही उदाहरणं एस-ओ-एनमध्ये बसतात. यू टोल्ड मी, सब्जेक्ट यू, म्हणून आयचं यू. मग फरक काय?

वहीपेन

बसतात, कारण त्यात ऑब्जेक्ट लिहिलेलं आहे. आता हे घ्या: मदर सेड, ‘यू मस्ट फिनिश युवर मिल्क.’ ऑब्जेक्ट कुठंय? ‘यू’ कुणाप्रमाणे बदलाल? आई धाकट्याला म्हणाली असेल तर ‘ही हॅड टू फिनिश हिज मिल्क’, मला म्हणाली असेल तर ‘आय हॅड टू फिनिश माय मिल्क’. सूत्र इथं गप्प बसतं. प्रसंग डोळ्यापुढे असेल तरच उत्तर येतं. परीक्षेत असं वाक्य आलं की पाठांतरवाली मुलं ‘यू’ तसाच ठेवून पुढे जातात.

रानवारा

मला ‘उद्या’बद्दल सांगायचंय. रवी सोमवारी म्हणाला ‘टुमॉरो’, म्हणजे मंगळवार. आता मी हे कधी सांगतेय? सोमवारीच संध्याकाळी मैत्रिणीला सांगितलं तर टुमॉरो टुमॉरोच राहील, कारण माझाही उद्या मंगळवारच आहे. मंगळवारी सांगितलं तर ‘ही सेड ही वुड रिटर्न इट टुडे’. बुधवारी सांगितलं तर ‘यस्टरडे’. पुढच्या आठवड्यात सांगितलं तरच ‘द नेक्स्ट डे’ शोभतं. चार वेळा सांगितलं तर चार शब्द. आणि मराठीत? सोमवार असो की पुढचा महिना, ‘म्हणाला उद्या देतो’ ते म्हणाला उद्या देतो!

म्हणजे ‘टुमॉरोचं द नेक्स्ट डे’ हा नियम नाहीच, त्या चारातली एक शक्यता आहे. पुस्तकात ती छापतात, कारण पुस्तकातल्या वाक्याला तारीख नसते.

मृद्गंध

@रानवारा, हे वाचून मुलगी चार वेळा ‘हो!’ म्हणाली. पण मग शाळेत टुमॉरो तसाच ठेवला तर मार्क देतील का? तिच्या बाई म्हणतात द नेक्स्ट डे किंवा द फॉलोइंग डे, तिसरं काही नाही.

वहीपेन

पेपरात द नेक्स्ट डे लिहायचं. प्रश्नात कधी सांगितलं ते दिलेलं नसतं, तेव्हा मध्ये दिवस गेलेत असंच धरायचं असतं. पण ‘दिस मॉर्निंग’ किंवा ‘टुडे’ असं सांगण्याचा वेळच वाक्यात बाहेर दिलेला असेल तर डोकं वापरायचं. ‘दिस मॉर्निंग रवी सेड, आय विल कम टुनाईट’ याचं मी तरी ‘टुनाईट’ ठेवलेलं बरोबर दिलं असतं. दुसरा तपासणारा देईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नव्हतं.

दत्ता_सांगली

मूळ मुद्दा वेगळाच आहे. सेमी-इंग्लिशला घालूच नये. पूर्ण मराठी माध्यम ठेवा, इंग्रजी नंतर आपोआप येतं. माझा मुलगा मराठी माध्यमातून आज पुण्यात चांगल्या नोकरीला आहे.

नाशिककर

दत्ताभाऊ, पण मराठी माध्यमातही इंग्रजीच्या पेपरला डायरेक्ट-इनडायरेक्ट येतंच ना. माध्यमाचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

टंकलेखक

मी जिल्हा पातळीवरच्या कोर्टात लघुलेखक आहे. आमच्याकडे ही गोष्ट मार्कांपुरती राहत नाही, म्हणून लिहितो.

साक्षीदार मराठीत बोलतो. साक्ष बहुतेक प्रश्न-उत्तर अशी न उतरवता सलग कथन म्हणून लिहितात, आणि ते साक्षीदाराच्याच ‘मी’त असतं. म्हणजे इंग्रजीत उतरवलं तर कागदावरचा ‘आय’ हा साक्षीदार. आता साक्षीदार म्हणाला: ‘आरोपी मला म्हणाला की तुझ्या भावाला मी सोडणार नाही.’ नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे असं उतरवलं: ‘द अॅक्यूज्ड टोल्ड मी दॅट आय विल नॉट स्पेअर युवर ब्रदर.’

वाचून बघा. इथला ‘आय’ साक्षीदार, म्हणजे न सोडणारा साक्षीदारच झाला. आणि ‘युवर ब्रदर’ हा समोर बसलेल्या साहेबांचा भाऊ झाला! साहेबांनी पेन थांबवलं, मला जवळ बोलावून वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं. तिसऱ्या शब्दाला मला कळलं. दुरुस्ती: ‘दॅट ही वुड नॉट स्पेअर माय ब्रदर.’

तेव्हापासून मी सवय लावून घेतली. ‘की’ ऐकू आला की मनात आधी विचारायचं, इथला ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण, आणि मगच टाईप करायचं. आणि धमकी, शिवी असं जिथे नेमके शब्द महत्त्वाचे असतात, तिथे इनडायरेक्ट करायचंच नाही. अवतरणचिन्हात मूळ मराठी शब्द जसेच्या तसे घेणं सगळ्यांत सुरक्षित. कारण ‘बघून घेईन’चं ‘ही वुड सी मी’ केलं तर धमकी गेली आणि भेटीचं आमंत्रण उरलं.

रानवारा

@टंकलेखक, ‘भेटीचं आमंत्रण’ 😄 पण अंगावर काटाही आला.

अक्षरओळख

@कोकणकडा, तुमचं अर्धं पटतं, अर्धं नाही. मराठीत काळ बदलत नाही हे खरं. पण ‘मराठीत इनडायरेक्ट नाहीच’ हे चूक. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. आमच्या रोजच्या बातमीचं वाक्य बघा: ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी स्पष्ट केले.’ मंत्री पत्रकारांसमोर ‘मी राजीनामा देणार नाही’ म्हणाले होते. तो ‘मी’ बातमीत ‘आपण’ झाला. इथं ‘मी’ ठेवला तर वाचकाला क्षणभर बातमीदारच राजीनामा देतोय असं वाटेल, आणि ‘ते’ लिहिलं तर दुसऱ्याच कुणी राजीनामा द्यायचाय की काय असं वाटेल. ‘आपण’ म्हटलं की शंका राहत नाही: ज्यानं बोललं तोच.

आणि ही सोय इंग्रजीकडे नाही बरं का. ‘रवी टोल्ड अमित दॅट ही वुड पास.’ पास कोण होणार, रवी की अमित? इंग्रजीत दोघंही होऊ शकतात. ‘आपण पास होऊ असं रवीनं अमितला सांगितलं’ म्हटलं तर तो रवीच.

कोकणकडा

@अक्षरओळख, मान्य, ‘आपण’ माझ्या डोक्यात आला नव्हता. पण ती छापील भाषा झाली. तुमच्या शेवटच्या वाक्यातच बघा, ‘आपण पास होऊ असं रवीनं अमितला सांगितलं’ हे मी बोलताना ऐकलं तर दोघं मिळून पास होणार असंच समजेन. घरात कुणी म्हणतं का ‘बाबा म्हणाले की आपण उशिरा येऊ’? म्हटलं तर सगळं घर कपडे करून तयार बसेल.

अक्षरओळख

हा अडथळा खरा आहे. बोलण्यात ‘आपण’ला तीन कामं पडली आहेत: तू-मी-सगळे, मानाचं ‘तुम्ही’, आणि हे बोलणाऱ्याचं. संदर्भ नसेल तर पहिलं काम आधी डोक्यात येतं. पण माझी आजी सर्रास म्हणायची, ‘ती म्हणते, आपण काही जायची नाही.’ ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणजे फक्त छापील नव्हतं, बोलण्यातून मागे पडलं. आणि हल्ली त्या जागी ‘तो म्हणाला की तो येईल’ असं ऐकू येतं, ते मला इंग्रजीच्या सावलीतलं वाटतं.

नाशिककर

मला ‘तो म्हणाला की तो येईल’ यात काही खटकत नाही. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. नाशिककडे इंग्रजीची सावली एवढी पडली असेल असं वाटत नाही.

लीड्सचा_मराठी

इंग्लंडमध्ये राहतो, मुलगा आठ वर्षांचा. त्याची आधीची भाषा इंग्रजी, त्यामुळे आमच्या घरी हाच प्रश्न उलटा येतो.

मागच्या उन्हाळ्याआधी आई पुण्याहून येणार होती. तिकिटं काढलेली. एक दिवस मी कामावरून आलो, तर मुलगा म्हणाला, ‘बाबा, आज्जीचा फोन आला होता. ती म्हणाली की ती येणार होती.’ माझ्या पोटात धस्स झालं. येणार *होती*? म्हणजे आता येत नाही? तब्येत बिघडली का? मी बूटही न काढता पुण्याला फोन लावला. तिथे रात्रीचे साडेबारा. आई घाबरून उठली. तिचं सगळं ठीक होतं, बॅगाही भरून झाल्या होत्या.

मुलाच्या डोक्यात वाक्य होतं, ‘ग्रॅनी सेड शी वॉज कमिंग.’ इंग्रजीत त्याचा अर्थ साधा: आजी म्हणाली, मी येतेय. ‘वॉज’ फक्त ‘सेड’च्या सोबतीला मागे सरकलाय. त्यानं तो ‘वॉज’ मराठीत ‘होती’ करून आणला, आणि मराठीत ‘येणार होती’ म्हटलं की बेत मोडला.

वहीपेन

@लीड्सचा_मराठी, तुमचा अनुभव मी वर्गात सांगितला असता तर माझे दोन तास वाचले असते! नेमकं हेच. आता काळाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वनामापेक्षा खरी दाणादाण इथेच उडते.

मराठीत ‘की’च्या पुढचा काळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून मोजतात. ‘ती म्हणाली की मी आजारी आहे’: म्हणाली तेव्हाच आजारी. ‘ती म्हणाली की मी आजारी होते’: म्हणाली तेव्हा बरी, आजारपण त्याच्या आधीचं. ‘आहे’ आणि ‘होते’ यांचं काम अगदी वेगळं.

इंग्रजीत पहिल्याचं होतं ‘शी सेड शी वॉज इल’ आणि दुसऱ्याचं ‘शी सेड शी हॅड बीन इल’. प्रत्येक क्रियापद एक पायरी मागे. अडचण अशी की पहिल्यातला ‘वॉज’ मराठी मुलाला ‘होती’ दिसतो. म्हणून तो लिहिताना ‘शी सेड शी इज इल’ लिहितो, आणि वाचताना ‘ती आधी आजारी होती’ असा अर्थ लावतो. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मी हे शेकडो वेळा बघितलंय. ‘द डॉक्टर सेड ही वॉज बिझी’ वाचून मुलं उत्तर लिहितात की डॉक्टर आता मोकळे आहेत.

ओळखायची खूण: इंग्रजी वाक्यात ‘सेड’च्या पुढे ‘वॉज’ दिसला की मराठीत आधी ‘आहे’ लावून बघायचं. ‘हॅड बीन’ दिसला की ‘होता-होती’. दहातल्या नऊ वेळा बरोबर येतं. दहावी वेळ म्हणजे ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन सातारा’. मुळात ‘वॉज’च होता, पण जन्म आधीचाच असणार हे उघड आहे, म्हणून कुणी ‘हॅड बीन बॉर्न’ करत बसत नाही. क्रम उघड असेल तर साध्या भूतकाळाचं ‘हॅड’ करणं बोलत्या इंग्रजीत ऐच्छिक आहे. शाळेच्या पेपरात मात्र करायचं.

आणि ‘सेड’ ऐवजी ‘सेज’ असेल तर पायरी उतरायचीच नाही. ‘शी सेज शी इज इल.’ सांगणारा आणि बोलणारी एकाच वेळेत उभे आहेत, मग मागे सरकायचं कशाला?

तयारी_सुरू

एमपीएससी देतोय. सराव परीक्षेत ‘द टीचर सेड, द अर्थ मूव्ज राउंड द सन’ होतं. मी ‘मूव्हड’ केलं, चूक दिलं. क्लासवाले म्हणतात त्रिकालाबाधित सत्य बदलत नाही. पण मग ‘ही सेड, आय लिव्ह इन पुणे’ याचं काय? तो अजूनही पुण्यातच राहतो. सत्यच आहे ना?

वहीपेन

चांगला प्रश्न. ‘लिव्हड’ केलं तर नेहमीच बरोबर, ‘लिव्ज’ ठेवलं तर तो अजून तिथेच राहतो याची हमी तुम्ही स्वतः घेता. ‘लिव्हड’मध्ये तुम्ही हमी घेत नाही, फक्त तो काय म्हणाला ते सांगता. पृथ्वीची हमी घ्यायला कुणाला अडचण नाही, म्हणून तिथे ‘मूव्ज’. खरं म्हणजे ‘मूव्हड’ही व्याकरणानं चुकीचं नाही, पण उत्तरतालिका ‘मूव्ज’ मागते. परीक्षेत पृथ्वी-सूर्य, पाणी उकळणं, म्हणी, एवढ्यांना हात लावू नका, बाकी सगळं मागे सरकवा.

चहाबिस्किट

मी आधी म्हटलं होतं ‘का’ विचारू नये. हमीचं वाचून मत बदललं. मी हे नुसतं पाठ केलं होतं.

प्रश्नार्थक वाक्यांचंही सांगा ना. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ यात माझ्या भाचीचं दर वेळी चुकतं.

वहीपेन

ती ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ लिहीत असणार. काळ बरोबर मागे नेला, पण प्रश्नाचा साचा तसाच ठेवला. आता तो प्रश्न राहिला नाही, प्रश्नाबद्दलचं विधान झालं. म्हणून ‘डू’चं काम संपलं, तो जातो, आणि जाताना त्याचा काळ क्रियापदाला देऊन जातो: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड.’ शेवटी पूर्णविराम. तिला म्हणावं, प्रश्नचिन्ह खोड, मग ‘डू’ खोड, मग राहील त्याला भूतकाळ दे. याच क्रमानं.

रानवारा

थोडं अवांतर: मराठीत एक फार सुंदर गोष्ट आहे, ‘म्हणे’. ‘रवी उद्या पुस्तक देणार म्हणे.’ कोण म्हणालं, कधी म्हणालं, काही सांगायचं नाही, हमी तर नाहीच. वर हमीचं वाचलं आणि आठवलं.

टंकलेखक

@रानवारा, साक्षीत ‘म्हणे’ आला की समोरचे वकील उभेच राहतात. कुणी सांगितलं ते सांगा, म्हणतात.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही घरी करून पाहिलं. मी वहीपेनताईंनी सांगितलं तसं केलं, तक्ता बाजूला ठेवला. धाकट्याला गॅलरीत उभं केलं, त्यानं तिला एक इंग्रजी वाक्य सांगायचं. तिनं आत येऊन ते मला सांगायचं, पण एका पाटावर उभं राहून. पाट म्हणजे ‘तुझी जागा’. पाटावरून उतरून गॅलरीत जायचं नाही.

धाकटा म्हणाला, ‘आय ऍम हंग्री नाऊ.’ ती आली, पाटावर उभी राहिली, ‘ही सेड दॅट आय…’ म्हणाली, थांबली, पायाखाली बघितलं आणि म्हणाली, ‘ही सेड दॅट ही वॉज हंग्री देन.’ मग स्वतःच म्हणाली, ‘पण आत्ताच सांगतेय तर नाऊच राहील ना?’ रानवारा, हे तुमचं. पंधरा-वीस वाक्यं झाली, सर्वनामं दोनदाच चुकली. काळ अजून चुकतोय, विशेषतः हॅड कुठे घालायचा तिथे.

एका वाक्याला मात्र आम्ही दोघी अडलो. धाकटा म्हणाला, ‘वी विल गो टू आजोळ इन मे.’ तिनं ‘दे वुड गो’ केलं. मी म्हटलं, अगं, त्या ‘वी’त तू पण आहेस. ती म्हणाली, पुस्तकात वीचं दे होतं. काय बरोबर?

वहीपेन

‘ही सेड दॅट वी वुड गो.’ ती जर आजोळी जाणार असेल तर ‘वी’ तसाच राहतो, कारण तिच्या पाटावरूनही तो ‘आम्ही’च आहे. ती घरी राहणार असेल आणि धाकटा मित्राबरोबर जाणार असेल तरच ‘दे’. पुस्तकातल्या वाक्यात सांगणारा त्या गटात नसतो असं धरलेलं असतं. इथे मराठीचा उपयोग करा: तिला विचारा, धाकट्याचा ‘वी’ म्हणजे ‘आपण’ की ‘आम्ही’? ‘आपण’ असेल तर वी राहील. ‘आम्ही’ असेल तर दे.

अक्षरओळख

वा! म्हणजे ‘आपण’ शेवटी इथे उपयोगी पडला.

कोकणकडा

पण वहीपेनताई, धाकटा हे आईला म्हणाला असता आणि मुलीनं फक्त ऐकलं असतं तर? ‘आम्ही’ म्हणजे मी आणि ताई, असंही होईल. मुलगी त्यात आहे, तरी ‘आम्ही’च. मग?

वहीपेन

मग ‘वी’च. बरोबर पकडलंत. ती धाकट्याच्या समोर उभी असेल तेव्हाच ‘आपण-आम्ही’ची खूण चालते. बाजूला उभी असेल तर शेवटी ती स्वतः जाणार आहे की नाही हेच विचारावं लागेल.

मृद्गंध

विचारलं. जाणार आहे 🙂 आता वहीत लिहितेय.